चार पिढ्या, चार पानं

कथासार लिहायला लागले त्या पहिल्याच वर्षी माझ्याकडून एक चूक झाली. ती आठवली की आजही मला खुर्चीत ताठ बसायला होतं. सहाशेच्या वर पानांची एक कौटुंबिक कादंबरी होती आणि तिचा हिंदी अनुवाद करायचा की नाही हे माझ्या चार पानांवरून ठरणार होतं. मी नीट वाचलं, टिपणं काढली, सगळे मोठे प्रसंग घेतले. कादंबरीत एक विधवा मावशी होती. तिला मूलबाळ नव्हतं आणि मोठे प्रसंगही तिच्या वाट्याला फारसे नव्हते, म्हणून मी तिला गाळलं. आठवड्याने अनुवादकबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "सार वाचलं, पण शेवटी हा मुलगा घर का सोडत नाही ते काही समजलं नाही." मी पुस्तक पुन्हा उघडलं. तो घर सोडत नव्हता तो त्या मावशीमुळेच. मी लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरीही सगळं सार खोटं झालं होतं.

त्यानंतर दादरच्या याच टेबलावर बसून मी पुष्कळ कादंबऱ्यांची कथासारं लिहिली. कधी प्रकाशकांसाठी, कधी अनुवादकांसाठी, कधी मालिका करणाऱ्यांसाठी. घराण्याच्या गोष्टीचं सार एकाच नायकाच्या गोष्टीसारखं लिहिता येत नाही. ते कसं लिहायचं, हे एक उदाहरण घेऊन सांगते. उदाहरणातली कादंबरी मी या लेखापुरती रचली आहे, छापील कुठे मिळणार नाही. तिच्यातली मुंबई मात्र खरी आहे.

समजा ६४० पानं आहेत. १९१९ साली रत्नागिरीकडचा अठरा वर्षांचा सदाशिव आगबोटीने मुंबईला येतो. आदल्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्याचे वडील गेलेले असतात. तो गिरणीत लागतो आणि पुढे लालबागच्या एका खासगी चाळीत दहा बाय बाराची खोली भाड्याने घेतो. त्याला तीन मुलं: वामन, गोदावरी आणि दत्ताराम. वामनची बायको शालिनी, मुलगा सुरेश आणि सुरेशची मुलगी मानसी. कादंबरी २००९ मध्ये संपते. चाळ पाडून नवी इमारत व्हायची असते. मिळणाऱ्या फ्लॅटचा सौदा करून बदलापूरला जायचं सुरेशने ठरवलेलं असतं, आणि तो तसं करत नाही.

पानाला तीनशे शब्द धरले तर हे एक लाख ब्याण्णव हजार शब्द होतात. सार हवं आहे बाराशे शब्दांचं. म्हणजे मूळच्या एकशे साठ शब्दांमागे आपल्याला एक शब्द मिळतो. हा आकडा पाहिला की हात आपोआप एक गोष्ट करायला जातो: प्रत्येक प्रकरणाचं थोडं थोडं घ्यायचं. बत्तीस प्रकरणं असतील तर प्रत्येकी सदतीस-अडतीस शब्द. वरवर हा न्याय वाटतो, पण गोष्ट मरते ती इथेच. लेखक पानं खर्च करतो ती वाचकाला त्या काळात राहता यावं म्हणून. सारात कोणालाच राहायचं नसतं. तिथे एवढंच कळायला हवं की कशामुळे काय झालं.

वाचतानाच वेगळे तीन कागद

पहिलं वाचन मी काहीही न लिहिता करते. दुसऱ्या वाचनाला शेजारी तीन कागद असतात. एकावर वंशवेल, एकावर वयांचा तक्ता आणि तिसऱ्यावर फक्त "अडतं" असा मथळा.

वयांच्या तक्त्यात आडवी वर्षं आणि उभी माणसं. सदाशिवचा जन्म १९०१ चा, वामनचा १९२४, गोदावरीचा १९२७, दत्तारामचा १९३३, शालिनीचा १९३०, सुरेशचा १९५० आणि मानसीचा १९८४. हे आकडे कादंबरीत असे मांडून ठेवलेले कधीच नसतात. "प्लेगनंतरच्या साली", "गोदीत भडका उडाला त्या वर्षी", "सुरेश पोटात होता तेव्हा" अशा खुणांवरून ते काढावे लागतात. जुन्या घरांच्या गोष्टींत शके येतं. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. हे विसरलं की एखाद्याचा जन्म आईबापांच्या लग्नाआधी होऊन बसतो. मी हा तक्ता पेन्सिलीने करते, कारण पाचपंचवीस पानांनी एखादी ओळ येते आणि सगळ्यांची वयं वर्षाने सरकतात.

तिसरा कागद सगळ्यांत महत्त्वाचा. प्रत्येक मोठ्या प्रसंगाला मी एकच प्रश्न विचारते: हा काढला तर पुढच्या पिढीतलं काय अडतं? काही अडलं तर तो वळणाचा प्रसंग. काही अडलं नाही तर तो कितीही थरारक असो, सारात त्याला फार तर अर्धं वाक्य.

आपल्या कादंबरीत २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार आहे. वामन मोर्चात असतो आणि जेमतेम वाचतो. चाळीस पानं, आणि हातातून पुस्तक सुटू नये अशी. ती काढून पाहू. वामन पुढे तसाच वागतो, खोली तशीच राहते, सुरेशच्या आयुष्यात काही बदलत नाही. काहीच अडत नाही. गावच्या जमिनीच्या खटल्याची ऐंशी पानंही तशीच. दोन्ही गाळायची. खटल्याची पानं मला मनापासून आवडलेली असली तरीही गाळायची.

आता दुसरं टोक. १९५१ मध्ये सदाशिव वारतो. पन्नासाव्या वर्षी, घराचं अकरा महिन्यांचं भाडं थकवून. मालक खोली रिकामी करा म्हणून तगादा लावतो. आठवड्याभरात भाडं भरलं जातं आणि नवी पावती वामनच्या नावाने होते. कादंबरीत याला चार पानं आहेत. त्या चार पानांत एकच विचित्र गोष्ट दिसते: विधवा होऊन माहेरी परतलेल्या गोदावरीच्या ट्रंकेतली पुरचुंडी नंतर कधीच दिसत नाही. ही चार पानं काढली तर २००९ मधला सुरेश का थांबतो ते समजत नाही, दत्ताराम घर सोडून का गेला ते समजत नाही आणि शालिनी नणंदेसमोर चाळीस वर्षं मान खाली का घालते तेही समजत नाही. तीन ठिकाणी अडलं. म्हणून माझ्या बाराशे शब्दांतले सव्वाशे या चार पानांना जातात. १९८२ च्या संपावर एकशे चाळीस पानं आहेत, त्यांनाही साधारण तेवढेच.

संपाला इतके कमी का, असं विचारलं जातं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे मराठी वाचकाला पुन्हा सांगावं लागत नाही. "१९८२ चा संप" एवढं लिहिलं की गिरणगाव डोळ्यांपुढे येतं. इतिहास स्वतःच्या पायांवर उभा असतो, त्याला सारात उचलून घ्यायची गरज नसते. त्या संपाने या दहा बाय बाराच्या खोलीत काय बदललं, तेवढंच आपलं काम. हेच सार परभाषेतल्या अनुवादकासाठी असेल तर मात्र संपाला एक पूर्ण वाक्य जास्त द्यावं लागतं. लालबाग म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे काही येईलच असं नाही.

वळणाचा प्रसंग ओळखायला कधीकधी पुस्तकाबाहेरचं थोडं माहीत असावं लागतं. १९४७ च्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे भाडेहक्क जात असे, आणि घरच्यांचं एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवी. म्हणजे मुलगीही चालत होती. गोदावरी त्याच खोलीत राहत होती, पावती तिच्या नावाने होऊ शकली असती. हे माहीत नसेल तर "पावती वामनच्या नावाने झाली" ही ओळ नुसती कारकुनी वाटते. माहीत असेल तर कळतं की इथे घरातल्या माणसांनी एक निवड केली होती.

एका बाईची सात नावं

मराठी कुटुंबाच्या गोष्टीत आणखी एक अडचण असते. गोदावरी माहेरी "गोदी". सोळाव्या वर्षी लग्न झालं तेव्हा सासरी नाव "रुक्मिणी". धाकट्या दत्तारामची ती "ताई", शालिनीची "वन्सं", सुरेशची "आत्या" आणि मानसीची "आत्याआजी". तिच्या खानावळीत जेवायला येणाऱ्या गड्यांसाठी नुसती "बाई". कादंबरीत हे हवंच. कोण बोलतंय ते त्यावरून कळतं, आणि नात्याचा गोडवाही त्यातच असतो. सारात मात्र ही सगळी नावं आली तर वाचकाला एकीच्या जागी सात बायका दिसतात.

मी एक नाव पक्कं करते आणि शेवटपर्यंत तेच ठेवते. नातं बदललं की नावाशेजारी नातं सांगते, पण नाव बदलत नाही. "मानसीच्या वडिलांची आत्या गोदावरी" हे वाक्य कानाला थोडं जड लागतं, तरी "आत्याआजी" असं एकटं लिहून वाचकाला मागची पानं उलटायला लावण्यापेक्षा ते बरं. पिढी ओलांडताना नवं माणूस आलं की त्याची ओळख आधी आलेल्या माणसावरून द्यायची: "वामनचा मुलगा सुरेश", "सुरेशची मुलगी मानसी". प्रत्येक पिढी अशी मागच्या पिढीला गाठ मारून आणली की वेगळी वंशावळ जोडावी लागत नाही.

उलट अडचणही येते. एकाच नावाची दोन माणसं. दत्ताराम आपल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतो, सदाशिव. आपल्याकडे ही रीत इतकी सवयीची आहे की लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, आणि मग २००९ मध्ये "सदाशिव कागदांवर सही करायला येतो" असं वाक्य पडतं. वाचकाला वाटतं, अठ्ठावन्न वर्षांपूर्वी वारलेला माणूस आला कसा? घरात त्या मुलाला सदू म्हणतात. सारात तो पहिल्यापासून सदूच.

नात्यांबद्दल आणखी एक. नातं सारात आणायचं म्हणजे "नणंद-भावजयीत तणाव होता" असं लिहायचं नाही. तणाव कुठे नसतो? मी नात्याच्या तीन जागा शोधते: जुळलं कुठे, मोडलं कुठे आणि शेवटी कुठे येऊन थांबलं. १९४८ मध्ये अठरा वर्षांची शालिनी नवी नवरी म्हणून येते, तेव्हा चूल गोदावरीच्या हातात असते. १९५१ मध्ये पावती नवऱ्याच्या नावाने झाल्यावर शालिनी खोलीची मालकीण होते, आणि पैसे कोणाचे गेले हे तिला माहीत असतं. १९८२ मध्ये सुरेशचा पगार बंद होतो, गोदावरी पुन्हा चूल पेटवते आणि बावन्न वर्षांची शालिनी न बोलता तिच्याशेजारी पोळ्या लाटायला बसते. या तीन जागा सारात आल्या की मधली तीस वर्षं वाचक स्वतःच भरून काढतो.

वर्षं जाताना कशी दाखवायची

बहुतेक सारं इथे घसरतात. लिहिणारा "काही वर्षांनी", "कालांतराने", "पुढे" असे शब्द टाकत जातो, आणि वाचकाला नव्वद वर्षं एका दुपारीत घडल्यासारखी वाटतात. "पुढे" म्हणजे किती पुढे? मी हे तिन्ही शब्द खोडते आणि त्यांच्या जागी कोणाचं तरी वय किंवा शिक्षण लिहिते. "सुरेश शाळेत जाऊ लागला तेव्हा." "सुरेश मॅट्रिक झाला त्या वर्षी." मूल मोठं होताना दिसलं की मोठी माणसं आपोआप म्हातारी होतात.

सगळ्या साली द्यायच्या नाहीत. बाराशे शब्दांत वीस साली आल्या तर ते वेळापत्रक होतं. मी चार-पाच खुंट्या ठोकते. इथे १९१९, १९४४, १९५१, १९८२ आणि २००९. बाकी सगळं त्यांच्यापासून मोजायचं: "सात वर्षांनी", "त्याच्या दुसऱ्या वर्षी". १४ एप्रिल १९४४ ची खुंटी तर आयतीच मिळाली आहे. त्या दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' या बोटीतल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि शेकडो माणसं गेली. गोदावरीचा नवरा गोदीत हमाल होता. जुन्या मुंबईकरांच्या घरांत हा दिवस अजून निघतो, त्यामुळे एका वाक्यात काळही कळतो आणि कारणही.

याहून मोठं साधन भाषेतच आहे आणि आपण ते फुकट वाया घालवतो. मराठीत "करत असे" आणि "केलं" हे दोन वेगळे भूतकाळ आहेत. पहिल्याने वर्षानुवर्षं चाललेली गोष्ट एका ओळीत मावते, दुसऱ्याने त्या ओळीला कात्री लागते. "गोदावरी पहाटे चारला उठत असे, पाळीवर जाणारे गडी पाटावर बसून जेवत असत." या दोन वाक्यांत एकोणीस वर्षं गेली. "१९७१ मध्ये तिने खानावळ बंद केली." इथे वाचक दचकतो, काहीतरी बदललं. वळणाच्या प्रसंगांना "केलं" आणि मधल्या काळाला "करत असे", एवढं पाळलं तरी काळ चालू लागतो. पुष्कळ लोक कथासार सरसकट वर्तमानकाळात लिहितात: "सदाशिव येतो, लग्न करतो, मरतो." एका पिढीच्या गोष्टीला ते चालतं. चार पिढ्यांच्या गोष्टीत सगळेच एकदम जिवंत राहतात, कोणी मागे पडत नाही. या लेखात मी तुम्हाला कथानक वर्तमानकाळातच सांगते आहे, कारण इथे मी तुकडे दाखवते आहे. सार लिहायला बसले की मी भूतकाळ घेते.

तिसरं साधन म्हणजे एखादी वस्तू, जी प्रत्येक पिढीत तीच असते पण बदललेली दिसते. या कादंबरीत ती भाडेपावती. आधी सदाशिवच्या नावाची, मग वामनच्या, मग सुरेशच्या. दुसरी वस्तू म्हणजे गोदावरीची ताटं. १९५२ मध्ये सहा गडी जेवतात, सुरेश शाळेत जाऊ लागतो तेव्हा वीस. १९८२ मध्ये ती पुन्हा सुरू करते तेव्हा जेवायला यायला कोणी उरलेलं नसतं, कारण संपकरी गावाला गेलेले असतात. म्हणून आता डबे भरले जातात आणि फोर्टमधल्या ऑफिसांत जातात. ताटाच्या जागी डबा आला. गिरणगावाला काय झालं, ते यातून न सांगता कळतं. अशी वस्तू लेखकाने पेरलेलीच असते, सार लिहिणाऱ्याने ती शोधायची. स्वतःच्या मनची घालायची नाही.

आधीचा खर्डा आणि नंतरचा

असा खर्डा माझ्याकडे तपासायला नेहमी येतो:

"१९१९ साली सदाशिव मुंबईत येऊन गिरणीत नोकरीला लागतो. त्याला वामन, गोदावरी व दत्ताराम अशी तीन मुले होतात. गोदावरी तरुणपणीच विधवा होते. सदाशिवच्या मृत्यूनंतर वामन घराची जबाबदारी घेतो. काही वर्षांनी दत्ताराम भांडून डोंबिवलीला जातो. वामनचा मुलगा सुरेश गिरणीत लागतो, पण १९८२ च्या संपात त्याची नोकरी जाते. पुढे चाळीचा पुनर्विकास होतो. मानसीच्या आग्रहामुळे सुरेश घर विकत नाही."

व्याकरण ठीक, क्रम ठीक. पण "वामन घराची जबाबदारी घेतो" हे वाक्य पाहा. जबाबदारी कोणी घेतली? पैसे गोदावरीने भरले, नाव वामनचं लागलं. लिहिणाऱ्याने पावतीवरचं नाव वाचून जबाबदारीही त्याच्याच खात्यावर टाकली. घरातल्या लोकांनी १९५१ मध्ये जे केलं तेच सार लिहिणाऱ्याने पुन्हा केलं. शिवाय मानसीने आग्रह का धरला, त्याला मागे काही आधारच नाही. म्हणून शेवट वरून चिकटवल्यासारखा वाटतो.

मधला भाग मी असा लिहीन:

"१९४४ च्या गोदीतल्या स्फोटात नवरा गेला तेव्हा गोदावरी सतरा वर्षांची होती. सासरच्यांनी दिलेल्या चार पाटल्या पुरचुंडीत बांधून ती लालबागच्या खोलीत परतली आणि पुढची बावन्न वर्षं तिथेच राहिली. सात वर्षांनी सदाशिव वारला. अकरा महिन्यांचं भाडं थकलं होतं. गोदावरीने पाटल्या विकून ते भरलं. पावतीवर नाव मात्र थोरल्या भावाचं, वामनचं, लागलं. हे त्या दोघांना आणि वामनची बायको शालिनी हिला, अशा तिघांनाच माहीत होतं. धाकट्या दत्तारामला वाटलं, वामनने खोली बळकावली. गोदावरीच्या एका शब्दाने त्याचा गैरसमज मिटला असता. तो शब्द ती बोलली नाही. वामनचा सुरेश बारा वर्षांचा असताना दत्ताराम डोंबिवलीला निघून गेला. दरम्यान गोदावरीने खोलीतच गिरणी कामगारांची खानावळ सुरू केली होती. ती पहाटे चारला उठत असे, आणि घराचं भाडं त्या चुलीवर निघत असे."

शंभराच्या थोडे पुढे शब्द आहेत. दत्तारामच्या डोंबिवलीतल्या संसारावर कादंबरीत नव्वद पानं आहेत. इथे त्याला तीनचार वाक्यं मिळाली, तीही तो का गेला एवढ्यापुरती. तो का गेला हे अडतं. तिथे त्याचं कसं चाललं हे अडत नाही.

एक प्रश्न अजून उरतो. पाटल्यांचं कादंबरीच्या वाचकाला कळतं ते थेट ५८८ व्या पानावर. चाळीच्या कागदपत्रांसाठी मानसी जुनी ट्रंक उपसते. तळाशी टाचणीने जोडलेले दोन कागद सापडतात: वर थकलेल्या भाड्याची वामनच्या नावाची पावती आणि खाली सराफाची, गोदावरीच्या नावाची, दोनच दिवस आधीची. टाचणी गंजून कागदावर तांबूस डाग उमटलेला असतो. मी ते रहस्य १९५१ मध्येच फोडून टाकलं. हे चालतं का?

सार कोणासाठी आहे त्यावर ते ठरतं. अनुवादक किंवा प्रकाशक गोष्टीचा सांगाडा पाहायला बसलेला असतो, त्याच्यापासून काही लपवायचं नाही. जे जेव्हा घडलं तिथेच लिहायचं आणि पुढे एक वाक्य जोडायचं: "वाचकाला हे २००९ मध्ये, मानसीबरोबर कळतं." घडलं केव्हा आणि कळलं केव्हा, या दोन्ही वेळा सारात हव्यात. नुसती पहिली दिली तर लेखकाची रचना हरवते, नुसती दुसरी दिली तर शेवट जादूसारखा वाटतो. पुस्तकाच्या मागच्या पानावर छापायचा मजकूर असेल तर गोष्ट उलटी. तिथे पाटल्यांचं नावही काढायचं नाही. "भाडं आठवड्याभरात भरलं गेलं" एवढं लिहून थांबायचं आणि भरलं कोणी ते वाचकाला शोधू द्यायचं.

बाराशे शब्दांची वाटणी मी शेवटी साधारण अशी करते: पहिल्या पिढीला दीडशे, दुसरीला पाचशे, तिसरीला तीनशे, चौथीला अडीचशे. दुसरीला सर्वांत जास्त, कारण गाठी तिथे पडल्या आणि उरलेल्या दोन पिढ्या त्या सोडवत बसल्या. दुसऱ्या कादंबरीत ही वाटणी वेगळी निघेल. ती "अडतं" च्या कागदावरून ठरवायची, पानं मोजून नाही. तीनशे शब्दांतच हवं असेल तर सगळे परिच्छेद थोडे थोडे कापायला जाऊ नये. खुंट्या तीनच ठेवायच्या, १९४४, १९५१ आणि २००९, आणि सदाशिवलाही "गोदावरीचे वडील" एवढ्यावर आणायचं. अशा सारात संप एका वाक्यात येतो. मला त्याचं वाईट वाटतं, पण तो येतो.

काही गोष्टी कुठल्याच लांबीच्या सारात उतरत नाहीत. शालिनी पहिल्यांदा पोळ्या लाटायला बसते तेव्हा गोदावरी पोळपाट तिच्याकडे सरकवते आणि स्वतः फरशीवर लाटू लागते. कादंबरीतलं हे पान मी पाच वेळा लिहून पाहिलं असतं आणि पाचही वेळा ते सारात मेलं असतं. तिथे मी फक्त "न बोलता" हे दोन शब्द ठेवते.

सार झालं की मी ते पुस्तक न वाचलेल्या माणसाला देते. बहुतेक वेळा आमच्या मजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षिकेला. त्या वाचून कागद पालथा ठेवतात आणि मी विचारते: गोदावरी मानसीची कोण? खोली कोणाकोणाच्या नावावर होती? शालिनी पोळ्या लाटायला बसली तेव्हा तिचं वय काय असेल? आवडलं का, असं मी विचारत नाही. पहिल्याचं उत्तर अडलं तर नावं विस्कटली आहेत, दुसऱ्याचं अडलं तर वळण बुजलं आहे, आणि तिसऱ्याला त्या "असेल तिशीची" म्हणाल्या तर वीसेक वर्षं माझ्या हातून सांडली आहेत. मग वयांचा तक्ता पुन्हा बाहेर निघतो, आणि "पुढे" हा शब्द कुठे राहून गेला ते मी शोधू लागते.